ऱ्हिओच्या दोन कुंड्या आणि एक प्रस्तावना

प्रथम वर्ष बी.एस्सी.ला 'रससंकोच पद्धतीने पेशीरसाची संहती काढणे' हे प्रात्यक्षिक मी गेली चौदा वर्षे घेत आले आहे, आणि त्यांतल्या बहुतेक वर्षी जर्नलमधली प्रस्तावना न वाचताच मी खाली सही केली आहे, हे आधीच कबूल करते. ती वाचण्याजोगी नसायची. वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरत आलेली तीच ती प्रस्तावना 'पाणी म्हणजे जीवन' येथून निघायची, दीड पान भरायची आणि प्रयोगाचा उद्देश पुन्हा एकदा लिहून थांबायची. गेल्या वर्षी मात्र गुरुवारच्या दुपारच्या बॅचला मी सांगितले की जर्नल इंग्रजीत लिहायचे असले तरी प्रस्तावनेचा कच्चा मसुदा मराठीत आणा, कारण मराठीत उतरवून काढायला कोणाचे जर्नल मिळणार नाही. त्या दुपारी जे घडले त्याने माझीही एक जुनी चूक उघडी पडली.

प्रयोग अनेकांच्या परिचयाचा असेल. ऱ्हिओच्या पानाची खालची बाजू जांभळी असते, कारण तिथल्या अपित्वचेच्या पेशींच्या रिक्तिकेत जांभळे रंगद्रव्य असते. पान मोडून हलकेच ओढले की ही अपित्वचा पापुद्र्यासारखी सुटते. तिचे तुकडे वेगवेगळ्या संहतीच्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, द्रावणांत वीस मिनिटे ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. ज्या पेशीतले पाणी बाहेर गेले आहे तिच्यातला जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत गोळा झालेला दिसतो, हाच रससंकोच. ज्या द्रावणात साधारण निम्म्या पेशी अशा दिसतात, त्याची संहती पेशीरसाच्या संहतीजवळ असते असे मानतात. रंजक न घालता हे सारे दिसते, म्हणून ह्यूगो द व्रीस यांनीही १८८४ च्या सुमारास आपल्या मोजणीसाठी हीच वनस्पती निवडली होती.

आदल्या आठवड्यात बॅचने हा प्रयोग केला, तेव्हा पुढच्या टेबलांवर उत्तर ०.२ मोलर आले आणि मागच्या टेबलांवर ०.२५. मुलांना वाटले की कोणीतरी द्रावण चुकवले. चौकशी केल्यावर कळले की लॅबच्या मामांनी पाने दोन कुंड्यांतून आणली होती. एक कुंडी नळाशेजारी, व्हरांड्याच्या सावलीत होती. दुसरी गच्चीच्या कठड्यावर, जिथे आठवड्यातून एकदा पाणी पोहोचले तरी नशीब. मागच्या टेबलांवर गच्चीची पाने गेली होती. मी म्हटले, वेगळे काही करायला नको, या फरकावरच प्रस्तावना लिहून आणा.

पहिला मसुदा एका विद्यार्थिनीने वाचून दाखवला. पृथ्वीचा बहुतांश पृष्ठभाग पाण्याने व्यापला आहे, पुढच्या परिच्छेदात रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पेशी पाहिल्या, मग परासरणाची व्याख्या, आणि शेवटी हे वाक्य: 'म्हणून आम्ही असे गृहीत धरले की पाण्याच्या कमतरतेचा पेशीरसावर परिणाम होतो, आणि आमच्या निष्कर्षांवरून ते सिद्ध झाले.'

या एका वाक्यात तीन गाठी होत्या आणि त्या सोडवण्यात सारी दुपार गेली.

पहिली गाठ भाषेचीच होती. 'गृहीत' आणि 'गृहीतक' हे शब्द इतके सख्खे आहेत की मुले एकाच्या जागी दुसरा सहज वापरतात. पण द्रावणाचे तापमान सगळ्या टेबलांवर सारखे होते, हे आपण गृहीत धरतो. ते तपासत नाही, त्याच्यावर उभे राहून पुढचे तपासतो. गृहीतक मात्र तपासण्यासाठीच मांडायचे असते. मी तिला विचारले, "कोणते वाचन आले असते तर तू म्हणाली असतीस की माझे म्हणणे चुकले?" ती बराच वेळ गप्प राहिली. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, संहती वाढली तरी परिणाम, घटली तरी परिणामच. हे चुकणारच नाही." नेमके तेच. 'परिणाम होतो' या शब्दांत दिशा नाही आणि मापही नाही. म्हणून वाक्य बदलले: पाणी कमी मिळालेल्या झाडाच्या पेशींत निम्मा रससंकोच अधिक संहतीच्या द्रावणात होईल.

आता दुसरी गाठ. तोच मुलगा पुन्हा म्हणाला, "पण गच्चीवर ऊनपण जास्त आहे ना." फळ्यावर दोन कुंड्या काढल्या आणि कोणत्या कुंडीत काय काय वेगळे आहे ते लिहीत गेलो: पाणी, ऊन, वारा, मातीचे वय, कदाचित रोपही वेगळे. प्रस्तावना मात्र पाण्यावरून निघून पाण्यावरच उतरली होती, बाकीच्यांचा तिच्यात पत्ताच नव्हता. म्हणजे प्रस्तावना निमुळती झाली होती खरी, पण प्रयोग तेवढा निमुळता झालेला नव्हता. इथे मुलांनीच ठरवले की एकाच गड्ड्याच्या फुटव्यांपासून लावलेल्या सहा कुंड्या घ्यायच्या, सगळ्या व्हरांड्यात एका ओळीत ठेवायच्या, तिघींना रोज पाणी द्यायचे आणि तिघींना दहा दिवस द्यायचे नाही.

तिसरी गाठ माझी होती. 'आमच्या निष्कर्षांवरून ते सिद्ध झाले' हे वाचताना मला आधी फक्त 'सिद्ध' हा शब्द खटकला होता, आणि तो खोडून मी पुढे जाणार होते. मग लक्षात आले की गृहीतक ज्या वाचनांवरून सुचले, त्याच वाचनांनी ते तपासल्याचा दावा इथे केला आहे, आणि चौदा वर्षे मी हेच करून घेत आले आहे. प्रयोग आधी होतो, जर्नल नंतर लिहिले जाते, आणि प्रस्तावनेत 'आम्हांला अपेक्षित होते' असे आलेल्या उत्तराकडे पाहून लिहिले जाते. मुलांना मी हे तसेच सांगितले. आदल्या आठवड्याचा फरक प्रस्तावनेत आला पाहिजे, पण प्रश्न कुठून उठला ते सांगण्यापुरता. त्याचे उत्तर नव्या कुंड्यांतूनच यायला हवे.

त्यानंतर आम्ही प्रस्तावना खालून वर लिहिली. शेवटचे वाक्य फळ्याच्या तळाशी लिहायचे, मग त्याच्यातला प्रत्येक शब्द वाचकाला समजण्यासाठी आधी काय सांगावे लागेल ते त्याच्या वर, मग त्याच्याही वर. ज्या वाक्यावर खालचे काहीच टेकत नाही ते पुसायचे. रॉबर्ट हूक असे गेले. पृथ्वीवरचे पाणीही गेले. एका मुलीला हूक जाण्याचे वाईट वाटले, कारण ती माहिती तिने शोधून काढली होती. पण बुचाच्या मृत पेशीत रससंकोच होत नाही, इतके म्हटल्यावर तिनेच डस्टर उचलला.

सर्वांत कठीण गेला तो मधला दुवा, 'पाणी कमी' पासून 'संहती जास्त' पर्यंतचा. सगळ्यांनी लिहिले होते की पाणी कमी झाल्यामुळे पेशीरस घट्ट होतो, जसा पाक आटवल्यावर होतो. ऐकायला हे पटते, पण या पद्धतीला लागू पडत नाही. सोललेला तुकडा सौम्य द्रावणात टाकला की सुकलेली पेशी तिथले पाणी पुन्हा ओढून घेते, आणि नुसते आटून आलेले घट्टपण वीस मिनिटांत बरेचसे निघून जाते. निम्म्या रससंकोचाचा बिंदू सरकायचा असेल तर पेशीतल्या द्राव्यांचा साठाच वाढायला हवा, आणि तसे काही वनस्पतींत पाण्याच्या ताणाखाली होतेही. म्हणजे दुवा निवडताना खरे काय आहे एवढेच पाहून चालत नाही, तर आपल्या मोजमापाला काय दिसू शकते तेही पाहावे लागते.

उरला आकडा. ०.०५ च्या टप्प्याने केलेल्या द्रावणांत लहान फरक सापडणार नाही, म्हणून ०.१४ ते ०.३० पर्यंत ०.०२ च्या टप्प्याने नऊ द्रावणे करायची ठरली. एका टप्प्याचा फरक दोन मुलांच्या मोजणीतही पडतो, म्हणून दोन टप्पे, म्हणजे ०.०४, ही किमान मर्यादा धरली. साडेचार वाजता फळ्यावर हे उरले होते:

'वनस्पतिपेशीत पाण्याची ये-जा पेशीरसातील द्राव्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पाणी अपुरे पडल्यास काही वनस्पतींच्या पेशी शर्करा व अमिनो आम्ले यांसारखी द्राव्ये साठवतात आणि पेशीरसाची संहती वाढते. ही संहती रससंकोच पद्धतीने अजमावता येते. ऱ्हिओच्या खालच्या अपित्वचेत जांभळे रंगद्रव्य असल्याने त्यासाठी रंजक लागत नाही. मागील प्रयोगात दोन कुंड्यांच्या पानांनी वेगळी वाचने दिली, परंतु त्या कुंड्यांचे पाणी व ऊन दोन्ही भिन्न असल्याने कारण ठरवता आले नाही. एकाच जागी ठेवलेल्या कुंड्यांपैकी ज्यांना दहा दिवस पाणी दिले नाही, त्यांच्या पानांतील निम्म्या पेशींचा रससंकोच रोज पाणी दिलेल्या कुंड्यांच्या तुलनेत किमान ०.०४ मोलर अधिक संहतीच्या सुक्रोज द्रावणात होईल, असे आमचे गृहीतक आहे.'

सगळ्यांनी हे आपापल्या शब्दांत जर्नलमध्ये उतरवले आणि मी त्याच दिवशी प्रत्येक प्रस्तावनेखाली तारखेसह सही केली. वाचनांच्या आधी प्रस्तावनेवर सही करण्याची ती माझी पहिलीच वेळ.

दहा दिवसांनी कोरड्या तीनपैकी एक कुंडी ओली सापडली. मामांना रोप सुकलेले बघवले नव्हते. ती कुंडी बाद केली, तसे जर्नलमध्ये लिहायला लावले आणि उरलेल्या पाच कुंड्यांवर प्रयोग केला. प्रत्येक द्रावणात तीन ठिकाणच्या पेशी मोजून टक्केवारीचा आलेख काढला, तेव्हा पन्नास टक्क्यांची रेषा पाणी मिळालेल्या कुंड्यांत ०.१९ च्या आसपास छेदली गेली आणि कोरड्या कुंड्यांत ०.२० च्या. फरक एका टप्प्याहूनही कमी होता, म्हणजे गृहीतक टिकले नाही.

पहिला मसुदा वाचणारी विद्यार्थिनी ऱ्हिओच्या पानाचा आडवा छेद घेऊन माझ्याकडे आली. अपित्वचेच्या आत मोठ्या, रंगहीन, पाणी साठवणाऱ्या पेशींचा जाड थर होता. दहा दिवसांत या पानाला पाण्याचा ताण बसलाच नसेल, असे तिचे म्हणणे होते. आमची प्रस्तावना 'काही वनस्पती' वरून थेट 'ऱ्हिओ' वर उतरली होती, आणि ऱ्हिओ त्या 'काहीं'मध्ये बसतो का, हे आमच्यापैकी कोणी, मीसुद्धा, विचारले नव्हते.

"मॅडम, मग हे वाक्य प्रस्तावनेत घालू का?" तिने विचारले.

मी तिला सहीखालची तारीख दाखवली. तिने जर्नल मिटले, पुन्हा उघडले, आणि 'चर्चा' या मथळ्याखाली छेदाची आकृती काढायला घेतली.