हॅम्बुर्गमधलं बारसं आणि एक महिन्याची मुदत

लेक झाली आणि तिसऱ्या दिवशी नर्सबाई खाटेशी फॉर्म घेऊन उभ्या राहिल्या. बाळाचं नाव लिहा, सही करा, आम्ही श्टांडेसआम्टला, म्हणजे इथल्या नोंदणी कार्यालयाला पाठवून देतो. इथे जन्म एका आठवड्याच्या आत कळवावा लागतो. आपल्याकडे मुदत एकवीस दिवसांची. शिवाय नावाचा रकाना कोरा ठेवून दाखला मिळतो. वर्षभरात नाव घातलं तर फी नाही, आणि उशीर झालाच तर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. आपल्या नियमांना नावं ठेवणाऱ्या सगळ्यांना मी हे आता आवर्जून सांगते. बाळाला नाव बाराव्या दिवशी मिळतं हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी तो कायदा केलाय.

त्या दिवशी आमच्याकडे चार नावं होती आणि एकावरही एकमत नव्हतं. सासऱ्यांना त्यांच्या आईचं नाव हवं होतं, इंदिरा. माझ्या आईचं म्हणणं फुलाचं नाव ठेवा, जुई. आम्हा दोघांना मीरा आवडलं होतं. आणि मिरजेचे नाना, माझे थोरले चुलत सासरे, घरातल्या प्रत्येक बाळाची पत्रिका करणारे, त्यांचा निरोप आला: हस्त नक्षत्र, चौथा चरण, अक्षर ठ.

ठ! सासूबाई फोनवर रडवेल्या झाल्या. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण आणि चरणागणिक एक अक्षर, अशी एकशे आठ अक्षरं अवकहडा चक्रात असतात. त्यात हस्ताच्या वाट्याला पू, ष, ण, ठ ही अक्षरं येतात. नवऱ्याने सहज विचारलं, नाना, वेळ कुठली धरलीत? लेक पहाटे चार चाळीसला झाली. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढंच टाकलं होतं आणि नानांनी ती भारतीय वेळ समजून दाते पंचांग उघडलं होतं.

इथे जरा थांबते, कारण परदेशात मूल झालेल्या प्रत्येक घरात हे होऊ शकतं. चंद्र एक चरण साधारण सहा तासांत ओलांडतो. जर्मनीची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार तास. म्हणजे एका चरणाच्या निम्म्याहून जास्त वेळ. वेळ न बदलता भारतातलं पंचांग पाहिलं तर अक्षर चुकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. जुलैमधले आमचे पहाटेचे चार चाळीस म्हणजे भारतातले सकाळचे आठ दहा. पंचांगात त्या दिवशी हस्त सातच्या आधीच संपलं होतं. म्हणजे लेक चित्रेच्या पहिल्या चरणातली, अक्षर पे. रास दोन्हीकडे कन्याच राहिली, कारण चित्रेचे पहिले दोन चरण कन्येत येतात. लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, मात्र जन्मस्थळावर अवलंबून असते, त्यामुळे त्यासाठी हॅम्बुर्गचे अक्षांश-रेखांशही द्यावे लागले. नानांनी सगळं पुन्हा मांडलं, पानभर गणित हाताने करून फोटो पाठवला. सत्त्याहत्तराव्या वर्षी! त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या पानाने वाढला.

पण ‘पे’वरून मुलीचं नाव कुठून आणायचं? जोडाक्षर चालवणारे ज्योतिषी प्रेरणा, प्रेमा सुचवतात. नाना त्यातले नाहीत. मग त्यांनीच वाट काढली. शास्त्राप्रमाणे नामकरणात एक नव्हे, चार नावं असतात: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. जन्माक्षर नाक्षत्रनामाला लागतं आणि ते नाव पूर्वी मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांना ठाऊक असायचं. ‘पे’चं नाव मी पत्रिकेत लिहितो, दाखल्यावर तुम्हाला हवं ते घाला, असं ते म्हणाले. म्हणून ते नाव मी इथेही लिहीत नाही.

दाखल्याच्या नावाचा निकाल बऱ्याच अंशी जर्मन जिभेने लावला. इथे J चा य होतो, म्हणून जुई प्रत्येक दवाखान्यात ‘युई’ झाली असती. उत्तर जर्मनीत स्वराआधीचा S झ सारखा निघतो, त्यामुळे आमच्या ओळखीतली सई बालवाडीत ‘झाई’ झालीय. मीरा तोंडात नीट बसतं, पण स्पेलिंग Meera केलं तर इथे ‘मेरा’ वाचतात. म्हणून Mira. माझी मैत्रीण पुण्याहून म्हणाली, तुम्ही गोऱ्यांच्या सोयीसाठी नाव निवडलंत. मला ते लागलं. माझ्या मुलीने वर्गात दिवसातून दहा वेळा स्वतःचं नाव दुरुस्त करत बसू नये, ही सोय तिची आहे. आणि मीरा हे नाव सोळाव्या वर्षापासून माझ्या मनात होतं, जर्मनीचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा.

हे सगळं ठरायला वेळ कसा मिळाला, तर तो नर्सबाईंमुळे. मी फॉर्म हातात धरून बसलेली पाहून त्या म्हणाल्या, जन्म आठवड्यात कळवायचाच, पण नाव ठरलं नसेल तर ते महिन्याभरात कळवता येतं. हे फॉर्मच्या पहिल्या पानावर ठळक का छापत नाहीत, कळत नाही. एकदा नोंदलेलं नाव बदलायला इथे सबळ कारण द्यावं लागतं, ‘आजोबांना आवडलं नाही’ हे कारण चालत नाही. तेव्हा घाईत काहीतरी लिहून टाकू नका, महिना वापरा. दाखला मात्र तेवढा उशिरा मिळतो आणि बालभत्त्यासारखे अर्ज त्याच्यासाठी खोळंबतात. आम्ही बारशाच्या दुसऱ्या दिवशी जाऊन नाव दिलं.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी अर्थ विचारला, मुलीचंच नाव ना, हेही विचारलं. पण किती सौजन्याने! पूर्वी इथे नावावरून मुलगा की मुलगी ते कळलंच पाहिजे, असा अधिकाऱ्यांचा आग्रह असे. तो मोडला एका भारतीय नावाने. आईवडिलांनी मुलीचं नाव किरण ठेवलं, अधिकाऱ्यांनी लिंग स्पष्ट करणारं दुसरं नाव जोडायला सांगितलं, आईवडील हटले नाहीत. डिसेंबर 2008 मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की नावातून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही, बाळाचं हित बिघडत नसेल तर आईवडिलांची निवड मान्य करावी. आपल्या किरणने जर्मनीत हे करून दाखवलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

सासऱ्यांची एक गोष्ट मात्र राहिली. इंदिरा हे नाव आम्ही दुसरं नाव म्हणून घातलं, त्यावर ते खूश झाले. पण वडिलांचं नाव मधे नाही हे कळल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. इथे ‘मधलं नाव’ असा रकानाच नाही. जे लिहाल ते मुलीचं स्वतःचं नाव धरतात, आणि माझ्या मुलीच्या विम्याच्या कार्डावर बापाचं नाव तिचं म्हणून छापलेलं मला नको होतं. भारतीय पासपोर्टवरही दोनच रकाने आहेत, नाव आणि आडनाव. वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवायचा असतो, तिथेही जर्मन दाखल्यावरचंच नाव अक्षर न् अक्षर उतरवतात. इथे एक ठेवलं आणि तिथे दुसरं, तर पुढे प्रत्येक व्हिसाला ते निस्तरावं लागतं. वडिलांचं नाव त्यांच्या रकान्यात आहेच, ते कुठे गेलेलं नाही. हे मी सासऱ्यांना सांगितलं आणि अजूनही माझं म्हणणं तेच आहे. ते वहीत मीरा समीर असंच लिहितात. मी त्याला हरकत घेतलेली नाही.