एका टॅगसाठी ११ दिवस

कंपनीने मिक्सर फुकट पाठवला आणि वर ८,००० रुपये ठरले. रील ४८ सेकंदांचं, विषय सोलापुरी शेंगदाणा चटणी. बोलणी, शूटिंग, एडिटिंग सगळं चार दिवसांत उरकलं आणि गाडी अडकली ती टॅगपाशी.

इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकताना सेटिंगमध्ये `Add paid partnership label` असा पर्याय असतो. तो चालू केला की आपल्या नावाखाली 'पैसे घेऊन केलेली भागीदारी' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, आणि ब्रँडचं अकाउंट जोडलं की त्यांचं नावही दिसतं. मात्र आपल्याला कोणी टॅग करायचं हे ब्रँडने स्वतःच्या हातात ठेवलं असेल, तर आधी मंजुरी मागावी लागते. मी मागितली. एजन्सीतली मुलगी म्हणाली, "ताई, आज होऊन जाईल."

चौथ्या दिवशीही तेच उत्तर. सहाव्या दिवशी एजन्सीतल्या दुसऱ्याच कोणी सुचवलं, की लेबल सोडा, साधं मेन्शन करा, लेबलने रीच पडतो. माझा पारा तिथेच चढला. रीच त्यांचा पडेल, पण नोटीस आली तर ती माझ्याही नावाने येईल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत. पहिल्या वेळी वर्षभर आणि नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदीही येऊ शकते. चटणीच्या रीलवर कोणी ५० लाख लावणार नाही हे मलाही कळतं, पण ८,००० रुपयांसाठी तो जुगार कशाला?

नवव्या दिवशी वैतागून एजन्सीने दिलेलं अकाउंट उघडून नीट पाहिलं. शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची! कंपनीचं ते जुनं, कोणी बघत नसलेलं पान होतं, आणि माझी विनंती तिथे धूळ खात पडली होती. चालू अकाउंट वेगळंच होतं. तिथे विनंती पाठवली आणि ११व्या दिवशी मंजुरी आली. तेव्हा टॅग करण्याआधी त्या अकाउंटच्या ताज्या पोस्ट बघा, एवढं माझ्याकडून घ्या.

खरी चूक मात्र माझीच, आणि ती लक्षात आल्यावर जास्त चिडले. प्रेक्षकांना सांगायला कंपनीची मंजुरी लागतच नाही. टॅग ही प्लॅटफॉर्मची सोय आहे, सांगण्याची जबाबदारी आपली. जाहिरात क्षेत्रातली स्वनियमन संस्था आस्की, तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१मध्ये आले. प्लॅटफॉर्मचं लेबल लावलंत तरी तुमचं स्वतःचं सांगणं वेगळं हवं, असं त्यांत आहे. १५ सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत ते लेबल एकतृतीयांश वेळ दिसायला हवं, म्हणजे माझ्या रीलमध्ये १६ सेकंद. ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ची मार्गदर्शिका आणखी पुढे जाते. व्हिडिओत ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं. हॅशटॅगच्या गर्दीत किंवा 'मोअर' दाबल्यावर दिसणाऱ्या ओळीत लपवलेलं चालत नाही.

मी पहिल्याच वाक्यात म्हटलं, "ही जाहिरात आहे, मिक्सर कंपनीने दिलाय आणि पैसेही दिलेत." पडद्यावर 'जाहिरात' हा शब्द मोठ्या अक्षरात १८ सेकंद ठेवला. मराठी रीलला मराठी शब्द चालतो, तो इंग्रजीतच हवा असं नाही. नुसतं 'थँक यू' किंवा 'कोलॅब' लिहून मोकळं व्हायची सवय मलाही होती. 'थँक यू'मधून पैसे घेतल्याचं कोणाला कळणार? आणि पडद्यावरच्या 'कोलॅब'चा अर्थ माझ्या आत्याला विचारून बघा.

एक राहिलंच. त्याच एजन्सीला मागाहून दुसरं रील हवं होतं, पैशांशिवाय, फक्त एका कढईच्या बदल्यात. "पैसे नाहीत, मग लेबल कशाला?" असं म्हणाले. फुकट वस्तू, सवलत, हॉटेलातला मुक्काम, बक्षीस, यांतलं काहीही घेतलं तरी सांगावंच लागतं. मालक नातेवाईक असला तरी सांगायचं. कढई परत पाठवली. खरं सांगायचं तर ती हलकीच होती.

कंपनी रीलवर पैसे लावून ते जाहिरातीसारखं पुढे चालवणार असेल तर तशी परवानगी तुम्ही वेगळी द्यायची असते. ती देण्याआधी पैशांचं बोला. आणि गाजलेलं गाणं लावू नका, जाहिरातीला ते चालत नाही. मी नुसता मिक्सरचा आवाज ठेवला होता.

रील चाललं बऱ्यापैकी. 'पैसे घेतलेत का?' असं एकानेही विचारलं नाही. सोलापूरच्या एका काकूंनी एवढंच लिहिलं, "जाहिरात आहे हे आधीच सांगितलंस, बरं केलंस. पण चटणी उखळात कुटलेलीच चांगली." त्यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.