अल्गोलवरचा लाइटनिंग टॉक: चौथ्या तालमीनंतर

आपल्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या डिसेंबरच्या बैठकीत मला पाच मिनिटं मिळाली आहेत. पहिल्या तालमीला चौदा स्लाइड होत्या आणि वेळ लागला आठ मिनिटं चाळीस सेकंद. गुडरिकचं १७८२ चं निरीक्षण, पिधानकारी जोडतारे, इतर रूपविकारी तारे, सगळंच त्यात कोंबलं होतं. घरच्यांना विचारलं, काय लक्षात राहिलं? तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. चूक तिथेच कळली. 'अल्गोल' हा विषय झाला, मुद्दा नव्हे.

मग मुद्दा एका पूर्ण वाक्यात लिहिला: अल्गोल मंद होतो, हे साध्या डोळ्यांनी शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघता येतं. या वाक्याला जे हातभार लावत नाही ते काढलं. गुडरिक गेला, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

उरल्या चार स्लाइड. पहिलीवर ययाति आणि देवयानीचा नकाशा, त्यात तीनच तारे ठळक: अल्गोल, देवयानीतला अल्माक (प्रत २.१) आणि ययातितला एप्सिलॉन (प्रत २.९). एरवी अल्गोल अल्माकच्या तोडीचा दिसतो. दुसरीवर तोच नकाशा, तीच जागा, फक्त अल्गोल ३.४ प्रतीचा, म्हणजे एप्सिलॉनपेक्षाही फिका. या दोन स्लाइडमध्ये मी तीन सेकंद गप्प राहतो. बघणाऱ्याला फरक स्वतः सापडू द्यायचा. आधी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके होते. खोलीतल्या ट्यूबलाइटमुळे प्रोजेक्टरवर ते पुसटच दिसले. आता पांढऱ्यावर काळे ठिपके, छापील नकाशासारखे: ठिपका मोठा, तारा तेजस्वी.

तिसरीवर प्रकाशवक्र. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी पिधान, ते चालतं सुमारे दहा तास. आकडे एवढेच. अडखळतो तोही इथेच, कारण कुणी मान हलवली की मी कारण समजावू लागतो.

म्हणून शेवट सर्वांत आधी पाठ केला. आधीचा शेवट 'तर... एवढंच, काही प्रश्न?' असा विरून जायचा. आता चौथ्या स्लाइडवर फक्त 'शनिवार, ७.३० आणि ९.३०' असं लिहिलंय. शनिवारचं किमान तेज साडेनऊच्या सुमारास येतं, म्हणून या दोन वेळा. चार मिनिटं झाली आणि मी तिसरीवरच असलो, तर वाक्य अर्धं सोडून 4 आणि Enter दाबायचं. पॉवरपॉइंट थेट चौथ्या स्लाइडवर जातं.

कालच्या तालमीत हे करावं लागलं. वक्राचं अर्धं स्पष्टीकरण राहिलं, ते कुणाला जाणवलं नाही. वेळ चार मिनिटं पस्तीस सेकंद. शेवटचं वाक्य आता असं आहे: 'शनिवारी साडेसातला अल्गोल अल्माकशी ताडून बघा, साडेनऊला पुन्हा बघा, आणि काय दिसलं ते लिहून ठेवा.' त्यानंतर मी काही बोलत नाही, स्लाइड तशीच ठेवून बाजूला होतो.