कॅलिब्रेटर नसताना डोळ्यांनी मॉनिटर जुळवणं

स्क्रीनवर फोटो छान उजळ दिसतात आणि लॅबमधून प्रिंट मात्र काळपट येते, तेव्हा दोष बहुधा प्रिंटचा नसतो. मॉनिटरचा ब्राइटनेस नको तेवढा वर असतो, त्यामुळे एडिट करताना आपण फोटो गडद करून ठेवतो. माझ्या 24 इंची आयपीएस मॉनिटरचं असंच होतं.

आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवला. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि इको मोड बंद केले. हे चालू असले तर आपण जुळवतो आणि मॉनिटर परस्पर बदलतो. खोलीत 6500 केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब लावली. पिवळ्या बल्बखाली कागदच पिवळा दिसतो, मग तुलना कशाशी करणार?

स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडलं, शेजारी कोरा कागद धरला. स्क्रीन दिव्यासारखी चमकली तर ब्राइटनेस जास्त, कागदापुढे राखाडी दिसली तर कमी. माझा 80 वरून 28 वर आला. हा आकडा उचलू नका, तो मॉनिटरगणिक आणि खोलीगणिक बदलतो.

कॉन्ट्रास्टसाठी पेंटमध्ये दोन चित्रं केली: पांढऱ्यावर (255) 245 आणि 250 चे चौकोन, काळ्यावर (0) 5, 10 आणि 15 चे. आर, जी, बी तिन्हींना तोच आकडा द्यायचा. पांढऱ्यावरचा 250 पुसट का होईना, दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली आणायचा. काळ्यावरचा 10 अंधुक दिसला तरी पुरे. 5 साध्या पॅनेलवर बऱ्याचदा दिसत नाही. 15 सुद्धा गायब आणि पांढऱ्यावरचे दोन्ही चौकोनही गायब, असं झालं तर कॉन्ट्रास्टशी झटू नका. एचडीएमआयची रेंज तपासा: कॉम्प्युटर 0 ते 255 पाठवतोय आणि मॉनिटर 16 ते 235 धरून बसलाय. दोन्हीकडे फुल रेंज केली की चौकोन परत दिसतात.

रंगाचं काम शेवटी, कारण इथेच डोळा फसवतो. काही मिनिटांत तो स्क्रीनच्या निळसर पांढऱ्यालाच पांढरं मानायला लागतो. म्हणून मध्ये मध्ये नजर कागदावर न्यायची आणि परत आल्यावर पहिल्या क्षणी जी छटा जाणवेल तीच खरी धरायची. पूर्ण स्क्रीन 128 च्या राखाडीने भरली की ती छटा लवकर पकडता येते. मॉनिटरच्या User मोडमध्ये तिन्ही रंग 100 वर होते. जो जास्त वाटेल तो उतरवायचा, दुसरे चढवायचे नाहीत. चढवले तर उजळ भाग जळतात. माझ्याकडे निळा 93 आणि हिरवा 97 वर थांबला. त्यामुळे उजेड थोडा उतरतो, म्हणून ब्राइटनेस कागदाशी पुन्हा जुळवून घेतला आणि 250 चा चौकोन पुन्हा पाहिला.

यातून अचूक 6500 केल्विन मिळत नाही. झेरॉक्सच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, खिडकीच्या उजेडात तो निळसर दिसतो. त्यामुळे ही जुळवणी रात्री ट्यूबखालीच करावी. आणि शेजारी वेगळ्या पॅनेलचा लॅपटॉप असेल तर पांढरा जुळला तरी लाल आणि हिरवा थोडे वेगळे दिसणारच, तिथे स्लायडरचा काही उपयोग नाही.