एका पानाचा महिनाभर चाललेला समास

कल्पना साधी होती. आठवड्याचं एक प्लॅनर, फाइल म्हणून ऑनलाइन विकायचं आणि घेणाऱ्याने घरी छापायचं; पण त्यावर तारखा घालायच्या नाहीत. तारखा घातल्या की वर्ष संपलं, माल शिळा. पडद्यावर पान एका संध्याकाळी तयार झालं. ते विक्रीला लावायला पुढे महिना गेला, आणि त्यातला बहुतेक वेळ समासांनी खाल्ला.

पहिली प्रिंट काढली तर खालची रेघच गायब. घरचा प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, काही मिलिमीटर कोरे सोडतो, आणि मी चौकट थेट कडेला भिडवली होती. चारही बाजूंना 10 मिमी सोडले. मग फाइलला लावायला पंच मारला, तर बुधवारचा ‘बु’ आणि शुक्रवारचा ‘शु’ भोकात गेले! पट्टीने मोजलं: भोकाचा मध्य कडेपासून 12 मिमीवर येतो. म्हणून डावीकडे 20 मिमी ठेवले. खूश होऊन पाठपोट छापलं, तर मागच्या पानावर भोकं उजवीकडे आली. म्हणजे सम पानांना तो रुंद समास उजवीकडे हवा. हे मात्र हातात कागद धरल्याशिवाय माझ्या डोक्यात आलं नसतं.

एवढं झाल्यावर बहिणीने विचारलं, "अमेरिकेतल्या माणसाने घेतलं तर?" तिथला लेटर कागद 216 × 279 मिमी, आपला ए४ 210 × 297. रुंदीला थोडा जास्त, उंचीला बराच कमी. माझी फाइल ‘Fit’ निवडून त्यावर छापली तर सगळं 94 टक्क्यांवर येतं. 8 मिमीची ओळ साडेसात होते, ते चालून जाईल; पण दोन्ही बाजूंना 9-9 मिमीच्या कोऱ्या पट्ट्या उरतात आणि पान उसनं आणल्यासारखं दिसतं. ‘Actual size’ ठेवलं तर वरचं-खालचं कापलं जातं. शेवटी लेटरसाठी पान नव्याने मांडलं, शेवटच्या टिपणांच्या चौकटीची उंची कमी केली आणि दोन वेगळ्या पीडीएफ केल्या.

शीर्षकाचा फॉन्टही बदलावा लागला. फुकट मिळाला होता, पण परवान्यात ‘वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेलं. हे मी आधीच वाचायला हवं होतं.

एट्सी या ऑनलाइन बाजारावर एका लिस्टिंगला पाच फाइली चढवता येतात, प्रत्येकी 20 एमबीपर्यंत. माझ्या तीनच: दोन पीडीएफ आणि कागद निवडून कसं छापायचं ते सांगणारं एक पान. फोटोंसाठी पडद्यावरचं चित्र न वापरता छापलेलं, पंच मारलेलं, पेनाने अर्धं भरलेलं पान खिडकीजवळ ठेवून टिपलं. लिहिण्याची जागा किती, हे त्यातच दिसतं.

‘ही डिजिटल फाइल आहे, घरी काही येणार नाही’ हे वाक्य मी वर्णनाच्या तळाशी टाकलं होतं. लिस्टिंग लागली आणि पहिलाच निरोप आला: पार्सल कधी पोहोचेल? ते वाक्य उचलून पहिल्या ओळीत घातलं, आणि पहिल्या फोटोवरही.