जमिनीतली चार भोकं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरावर मी शॉर्टफिल्म लिहीत होतो, पंधरा पानांची. चाळिशीचा मुलगा ते घर विकायला येतो. "वडिलांनी माग विकला आणि आमचं वाटोळं झालं," हे तो सगळ्यांना सांगत फिरतो. फ्लॅशबॅक मी दुसऱ्याच पानावर घातला होता आणि तो साडेतीन पानांचा होता. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. आता हिशेब करा.

माझा एडिटर मित्र म्हणाला, "अजून त्या माणसाची ओळख नाही, आणि तू त्याचं बालपण काय सांगतोस बे?" त्याने ती पानं काढली आणि उरलेली एकाला वाचायला दिली. त्या वाचणाऱ्याचं कुठेच काही अडलं नाही. मला राग आला, पण उत्तर मिळालं होतं.

मग मी तो प्रसंग दहाव्या पानावर नेला. तिथे म्हातारी आई सहीला नकार देते आणि बघणाऱ्याला प्रश्न पडतो, का? व्यापाऱ्याच्या दुकानातली बोलणी कापली, कारण सात वर्षांचा पोरगा तिथे नव्हताच. आठवण त्याची, तर त्याने पाहिलं तेवढंच दाखवायचं. माळ्यावरून त्याला दिसतं ते एवढंच: आई पान्याने मागाचे बोल्ट सोडवतेय, वडील पाठ फिरवून बसलेत. माग आईने विकला होता आणि हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. आता त्याचं सगळं बोलणंच खोटं ठरतं. हे सव्वा पानात बसलं.

पुढची अडचण वेगळी होती. सीनच्या मथळ्यात मी 'फ्लॅशबॅक, 1992' लिहिलं होतं, पण मथळा वाचतो आपण, बघणाऱ्याला तो कुठे दिसतो? सगळी फ्रेम पिवळट करायचा विचार आला होता, पण तो जुना झाला. शेवटी उत्तर घरातच सापडलं. गिऱ्हाईकाला खोली दाखवताना तो वॉशिंग मशीन सरकवतो. खाली शहाबादी फरशीत चार भोकं, साबणाच्या घाणीने बुजलेली. तो एकात बोट घालतो. कट. त्याच भोकात बोल्ट, त्यावर पाना. वर्तमानात पांढरी ट्यूबलाइट, भूतकाळात एकच पिवळा बल्ब. म्हणजे पिवळेपणाला कारण मिळालं.

तरी वाचनाच्या वेळी एकाने विचारलंच, "हा माळ्यावरचा त्याचा मुलगा का?" म्हणून तिसऱ्या पानावर, आरशासमोर, त्याच्या भुवईतली जुन्या खोकेची खूण दाखवली. माळ्यावरच्या पोराच्या त्याच भुवईवर ताजी पट्टी आहे.

फ्लॅशबॅकमधून परतताना चौथा बोल्ट फरशीवर गडगडत जातो. कट. भोकातून बोट बाहेर येतं, नखाखाली घाण. दारात आई उभी आहे.