चाकण की शिरोली: इंटर्नशिप निवडताना

मेकॅनिकलच्या शेवटच्या सेमिस्टरला माझ्याकडे सहा महिन्यांच्या इंटर्नशिपच्या दोन ऑफर होत्या. एक चाकणच्या मोठ्या वाहन कंपनीची, महिना १५,००० रुपये. दुसरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची, ८,००० रुपये. घर कोल्हापुरातच.

आधी वहीत तक्ता आखला. शिकायला मिळणं ३० टक्के, मेंटॉर २५, नाव २०, स्टायपेंड १५, ठिकाण १०. प्रत्येकाला पाचपैकी गुण दिले. कंपनीला ३.४५, फाउंड्रीला ३.२. बाबा म्हणाले, "मग ठरलं की!" पण मला ते पटेना. नाव आणि ठिकाण यांचे गुण माहितीवर होते, पण शिकणं आणि मेंटॉर या दोन रकान्यांत मी नुसता अंदाज मांडला होता. आणि निम्म्याहून जास्त वजन त्यांचंच!

म्हणून कंपनीत गेल्या वर्षी इंटर्न असलेल्या सीनियरला फोन केला. "कसं होतं?" असं विचारलं तर सगळे "छान" म्हणतात, म्हणून मी विचारलं, "दुसऱ्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळपासून काय केलंस ते सांग." तो म्हणाला, एक्सेलमध्ये ऑडिटच्या नोंदी भरल्या. मेंटॉरकडे नऊ इंटर्न होते, भेट पंधरा दिवसांनी. मग एचआरला प्री-प्लेसमेंट ऑफरबद्दल, म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरी मिळण्याबद्दल विचारलं. या बॅचला ती नाही, असं उत्तर आलं. ती असती तर माझा निर्णय कदाचित वेगळा झाला असता, कारण नावाचा खरा फायदा तिथेच होता.

फाउंड्रीत मी स्वतः गेले. ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं त्या सरांनी रिजेक्शनचं रजिस्टर उघडलं आणि दोन फुटके कास्टिंग, म्हणजे ओतून बनवलेले भाग, समोर ठेवले. "कोणता ब्लोहोल, कोणतं श्रिंकेज?" माझं चुकलं. त्यांनी भोकाच्या आत बोट फिरवायला लावलं. ब्लोहोलची, म्हणजे वायूने पडलेल्या भोकाची भिंत गुळगुळीत लागते; श्रिंकेजची, म्हणजे धातू थंड होताना आकसून पडलेल्या भोकाची खरखरीत. मग साचे बनवायची ओली वाळू, मोल्डिंग सँड, माझ्या मुठीत दाबायला दिली. गोळा मधोमध नीट तुटला आणि तळहाताला वाळू चिकटली नाही, तर ओल बरोबर. ओल जास्त झाली की वाफ कोंडते आणि ब्लोहोल वाढतात. त्यांच्याकडे इंटर्न मी एकटीच असणार होते आणि काम होतं एका पार्टचं रिजेक्शन कमी करणं.

पैशांचाही हिशेब पुन्हा केला. चाकणला कॉट बेसिसवर ५,५००, मेस ३,५००, येणं-जाणं आणि चहापाणी १,५००, उरणार ४,५००. शिरोलीला पेट्रोल वजा जाता ६,५००. कंपनीचे शिकणं, मेंटॉर आणि स्टायपेंडचे गुण उतरले, फाउंड्रीच्या मेंटॉरचे वाढले: कंपनी २.६, फाउंड्री ३.७.

नावाच्या रकान्यात फाउंड्रीला दोनच गुण ठेवले, ते वाढवले नाहीत. त्याच रात्री कंपनीला नकाराचा मेल पाठवला, म्हणजे वेटिंगवरच्या कुणाला तरी ती जागा वेळेत मिळेल.